मुसळधार पावसात मोबाईलची रेंज: खरी अडचण टॉवरच्या मागे

प्रश्न: आम्ही नागपूरला मानेवाड्याच्या पुढे नवीन वस्तीत राहायला आलो आहोत. जोराचा पाऊस आणि वादळ आले की मोबाईलची रेंज का जाते? कधी कधी तर दांड्या पूर्ण दिसतात, तरी नेट चालत नाही. अशा वेळी नक्की काय चालते?

उत्तर:

मी अकरा वर्षे विदर्भात टॉवरच्या मायक्रोवेव्ह लिंकची देखभाल केली आहे, त्यामुळे हे सगळे मी टॉवरच्या बाजूने पाहिलेले आहे. पहिली गोष्ट अशी की आपला फोन आणि टॉवर यांच्यामधल्या लहरींना पाऊस जवळजवळ अडवतच नाही. हातातल्या फोनसाठी आपल्याकडे साधारण ७०० मेगाहर्ट्झपासून ३.५ गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी वापरतात. त्यांची लांबी हातभरापासून चार बोटांपर्यंत असते, तर पावसाचा मोठ्यात मोठा थेंब पाच-सहा मिलिमीटरचा. एवढ्या लांब लहरीला एवढासा थेंब फारसा जाणवत नाही, आणि तासाला १०० मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळत असला तरी किलोमीटरभर अंतरात होणारी घट मोजूनच कळेल इतकी थोडी असते. घरासमोरची गच्च ओली झाडे किंवा भिजलेली भिंत थोडा अधिक फरक पाडतात, म्हणून जिथे मुळातच रेंज काठावर आहे तिथे एखादी दांडी कमी होते. पण चांगली रेंज असलेल्या घरात नेट पूर्ण बंद पडण्याचे कारण तिथे नसते.

कारण टॉवरच्या मागे असते. फोनपासून टॉवरपर्यंत आलेले बोलणे आणि डेटा पुढे एक्स्चेंजकडे न्यावा लागतो. शहराच्या मध्यभागी बऱ्याच टॉवरपर्यंत त्यासाठी फायबर केबल गेलेली असते, परंतु शहराच्या कडेच्या नव्या वस्त्यांत आणि आसपासच्या गावांत अनेक टॉवर एकमेकांना मायक्रोवेव्ह लिंकने जोडलेले असतात. टॉवरवर पांढऱ्या ढोलासारख्या ज्या गोल डिश दिसतात, त्या याच कामाच्या. एका टॉवरची डिश दुसऱ्या टॉवरच्या डिशकडे अचूक रोखलेली असते. या लिंक बहुतेक वेळा १५ गिगाहर्ट्झ किंवा त्याहून वरच्या पट्ट्यात चालतात. तिथे लहरीची लांबी दोन सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी भरते आणि मग पावसाचे थेंब तिची ऊर्जा शोषू लागतात, इकडेतिकडे विखरू लागतात. घरच्या डीटीएचच्या छत्रीचा अनुभव आपल्याला असेलच. आकाश काळेकुट्ट झाले आणि सरी कोसळू लागल्या की टीव्हीवर 'सिग्नल नाही' असे येते आणि पाऊस ओसरला की चित्र आपोआप परत येते. छत्रीचा सिग्नल ११ ते १२ गिगाहर्ट्झच्या आसपासचा असतो. टॉवरमागच्या लिंकला तोच त्रास होतो, किंबहुना थोडा जास्तच.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. उमरेड रस्त्याच्या बाजूच्या एका गावातला टॉवर सुमारे सहा किलोमीटरच्या, १५ गिगाहर्ट्झच्या लिंकने शहराकडच्या टॉवरला जोडलेला होता. कोरड्या दिवशी त्या लिंकची पोहोच पातळी उणे ४२ असायची. हा आकडा डीबीएम या एककात असतो, आणि तो दहाने खाली गेला की मिळणारी शक्ती दहावा भाग उरते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. त्या उपकरणाला पूर्ण वेगासाठी निदान उणे ६८ लागत होते आणि कसेबसे तग धरायला उणे ८६. रोजच्या रिमझिम पावसात, म्हणजे तासाला पाच-दहा मिलिमीटरच्या वेगाने, त्या लिंकला काहीच होत नसे. एका जूनच्या संध्याकाळी मात्र पश्चिमेकडून वादळी ढग आला आणि वाटेतल्या चारेक किलोमीटरवर तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळू लागला. अशा पावसात १५ गिगाहर्ट्झला प्रत्येक किलोमीटरमागे सहा ते आठ डेसिबेल घट होते, म्हणजे चार किलोमीटरला जवळपास तीस. स्क्रीनवरचा आकडा उणे ४२ वरून घसरत उणे ७२ च्या आसपास आला. लिंक तुटली नाही, पण पूर्ण वेगाची पातळी हातची गेली.

अशा वेळी उपकरण काय करते, यातच आपल्या 'दांड्या पूर्ण, नेट बंद' या कोड्याचे उत्तर आहे. स्वच्छ हवेत लिंक प्रत्येक ठोक्यात भरपूर माहिती कोंबून पाठवते. सिग्नल क्षीण झाला की ती आपोआप साध्या, सावकाश पद्धतीवर उतरते, जसे गोंगाटात आपण भरभर बोलायचे सोडून एकेक शब्द ठासून बोलतो. लिंक शाबूत राहते, पण तिची वाहण्याची क्षमता पूर्वीच्या पाव हिश्शावर किंवा त्याहूनही खाली येते. आपल्या फोनवरच्या दांड्या मात्र फक्त फोन आणि टॉवर यांच्यामधला सिग्नल मोजतात. टॉवरच्या मागची वाट अरुंद झाली आहे, हे त्यांना कळत नाही. त्यामुळे दांड्या चारच्या चार राहतात आणि पान मात्र उघडत नाही. त्यात आणखी भर पडते ती अशी: लाईन गेली की घरोघरचे वायफाय राऊटर बंद पडतात आणि सारी वस्ती एकाच वेळी मोबाईल डेटावर येते.

पाऊस त्याहून वाढला आणि लिंक पूर्ण तुटली, तर चित्र वेगळे दिसते. टॉवरचा एक्स्चेंजशी संबंधच तुटल्यावर तो बहुधा काही वेळात आपली सेवा मागे घेतो आणि आपला फोन दूरच्या एखाद्या टॉवरला चिकटतो. मग एक-दोन दांड्या उरतात किंवा रेंजच जाते. एका लिंकवर पुढे आणखी दोन-तीन टॉवर अवलंबून असतील तर तेही त्यासोबत बंद पडतात, म्हणून पाऊस एका गावात आणि रेंज गेली दुसऱ्याच गावाची, असेही होते.

पावसाने लिंकचा सिग्नल असा क्षीण होतो त्याला आम्ही फेड म्हणतो; हा फेड आणि विजेची अडचण यांतला फरक घरबसल्या ओळखता येतो. फेड पावसाच्या जोराबरोबर येतो आणि जोर ओसरला की दहा-वीस मिनिटांत सारे पूर्ववत होते. याउलट, लाईन गेल्यावर टॉवर आधी बॅटरीवर चालतो. ती किती तास टिकेल हे तिच्या वयावर अवलंबून असते, आणि जुन्या बॅटऱ्या फार लवकर मान टाकतात. जनरेटर नसेल, किंवा त्यात डिझेल भरायला माणूस पोहोचू शकला नाही, तर टॉवर बंद पडतो. म्हणजे पाऊस केव्हाच थांबलेला आहे, लाईन जाऊन तीन-चार तास झाले आहेत आणि आता रेंज गेली, तर दोष पावसाचा नसून विजेचा आहे, असे समजावे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. अशा पुरात पाणी भरलेल्या भागाचा वीजपुरवठा सुरक्षेसाठी बंद ठेवावा लागतो आणि मग आसपासच्या टॉवरचे भवितव्य बॅटरीवरच ठरते.

तिसरीही एक शक्यता असते. वाऱ्याने डिश किंचित फिरली, तर पाऊस थांबूनही सेवा सुधारत नाही. साठ सेंटिमीटरच्या डिशचा झोत जेमतेम दोन अंशांचा असतो, त्यामुळे अगदी थोडी ढळली तरी लिंक जाते आणि माणूस टॉवरवर चढल्याशिवाय ती परत येत नाही. वीज कडाडत असताना कोणालाही वर चढवत नाहीत, तसे चढवूही नये, म्हणून असा बिघाड दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतो.

आता काय चालते ते सांगतो. वाट अरुंद झालेली असली, तरी संभाषणाला फार थोडी जागा लागते. व्हिडिओला जिथे काही मेगाबिट लागतात तिथे एका फोनकॉलला सेकंदाला वीस-चाळीस किलोबिट पुरतात, शिवाय नेटवर्क कॉलला डेटाच्या आधी वाट देते. म्हणून नेट बंद दिसले तरी साधा कॉल लावून पाहावा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा कॉल मात्र साध्या डेटाच्या रांगेतच उभा असतो, तो साध्या कॉलच्या आधी कोलमडतो. एसएमएस याहून चिवट असतो. तो यंत्रणेत साठवला जातो आणि समोरच्याचा फोन नेटवर्कमध्ये आला की पोहोचतो. इथे एक बारकावा आहे: इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, पण देवनागरीत फक्त ७०. त्याहून लांब मजकुराचे तुकडे होतात आणि एक तुकडा अडकला तर संदेश अर्धवट राहतो. म्हणून 'मी सुखरूप, बेसा चौकात थांबलो आहे' एवढेच लिहावे.

पैशांची निकड असेल तर *99# डायल करून बँकेचे साधे व्यवहार इंटरनेटशिवाय होतात, मात्र मोबाईल क्रमांक बँकेत आधी नोंदवलेला हवा. फोनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' असे दिसत असेल, तर आपल्या कंपनीचा टॉवर बंद असून दुसऱ्या कोणाचा तरी चालू आहे, असा त्याचा अर्थ होतो, आणि त्या टॉवरवरून 112 लागतो. याच कारणाने घरातल्या दोन फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवणे मला फार उपयोगाचे वाटते. दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवर असतील तर लाईन गेल्यावर दोन्ही एकदम जातील हे खरे, पण त्यांच्या मागच्या वाटा बहुधा वेगळ्या असतात.

घरी फायबरचे कनेक्शन असेल तर आपण बरेच सुरक्षित आहात. काचेच्या तारेतून जाणाऱ्या प्रकाशावर पावसाचा परिणाम होत नाही, आणि थेट घरापर्यंत आलेल्या फायबरमध्ये एक्स्चेंज ते घर या वाटेवर सहसा वीज लागणारे उपकरण नसते. राऊटर आणि फायबरचा डबा मिळून दहा-वीस वॅट घेतात, तेव्हा इन्व्हर्टरवर किंवा राऊटरसाठी मिळणाऱ्या लहान बॅटरीवर ते काही तास सहज चालतात. खांबांवरून ओढलेली तार झाडाची फांदी पडून तुटली तर मात्र इलाज नाही. स्थानिक केबलवाल्याचे नेट असेल आणि त्याचा स्विच गल्लीतल्या एखाद्या इमारतीत बसवलेला असेल, तर तिथली लाईन गेल्यावर आपला इन्व्हर्टर काही करू शकत नाही. कनेक्शन घेतानाच त्याला याबद्दल विचारून घ्यावे.

हवामानाच्या बातमीसाठी सेलवर चालणारा रेडिओ अजूनही भरवशाचा आहे. त्यातही एफएम घ्यावा, कारण मध्यम लहरींवर प्रत्येक विजेसरशी खरखर होते. रेंज शोधण्यासाठी गच्चीवर मात्र जाऊ नये. घरातच, टॉवरच्या बाजूच्या खिडकीजवळ, वरच्या मजल्यावर उभे राहिले तरी फरक पडतो. टॉवर पूर्ण बंद असेल तर फोन सतत शोध घेत राहून आपली बॅटरी संपवतो, म्हणून तो विमान मोडवर ठेवावा आणि दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे चालू करून पाहावा. अडकलेले एसएमएस त्या दोन मिनिटांत येतात.