वायरिंगला नववा माणूस देण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतची वेळेची शीट मिळाली. मिक्सरच्या लाइनवर आठ स्टेशनं, प्रत्येकावर एक माणूस, शिफ्टची मागणी ५४० आणि हातात पडतात चारशे-सव्वाचारशे. सुपरवायझर म्हणतो वायरिंगला अजून एक माणूस द्या, आणि तूही तशी नोट मॅनेजरपुढे ठेवायच्या बेतात आहेस. ती नोट दोन दिवस थांबव. तुझ्याच शीटमधले आकडे वेगळं काही सांगताहेत.

आधी टॅक्ट टाइमचं बघू, कारण तिथेच एक गफलत आहे. शिफ्ट साडेआठ तासांची, म्हणजे ५१० मिनिटं. जेवणाची ३०, दोन्ही चहाची मिळून २० आणि सकाळच्या मीटिंगची १० मिनिटं वजा केली की ४५० उरतात. त्याचे सेकंद झाले २७,०००. त्याला ५४० ने भागलं की ५० येतात. दर ५० सेकंदांनी एक चांगला मिक्सर लाइनच्या टोकाला यायला हवा, हा झाला टॅक्ट. तू त्या रकान्यात ६२ लिहिलं आहेस. तो सर्वात संथ स्टेशनचा सायकल टाइम आहे, म्हणजे एका मिक्सरमागे त्या स्टेशनला लागणारा वेळ. टॅक्ट मागणीवरून निघतो, लाइन आज कशी चालते त्यावरून नाही. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी असले तरच काय बिघडलंय ते दिसतं.

ब्रेकडाउनचा वेळही वजा करायचा का, असं तू विचारलंस. काही जण करतात, मी करत नाही. तो वजा केला की टॅक्ट लहान होतो, लाइन त्या वेगाला जुळवली जाते आणि मशीन बंद पडणं हा रोजचा हिशोब होऊन बसतो. त्यापेक्षा टॅक्ट ५० चाच ठेव आणि स्टेशनं ४५-४६ सेकंदांत बसव. मधले चार-पाच सेकंद एखादा स्क्रू आडवा गेला, एखादी टेस्ट पुन्हा करावी लागली, यासाठी असतात.

आता शीट. बॉडी फिक्स्चरवर उलटी ठेवून मोटर आत बसवणं ३० सेकंद. मोटरचे स्क्रू आणि ओव्हरलोड, म्हणजे जास्त भार आला की मोटर बंद करणारा स्विच, ३६. स्विच आणि कॉर्ड ४४. वायरिंग आणि वायरी बांधणं ६२. बॉटम कव्हर आणि रबरी पाय ४०. कपलर, नॉब आणि फ्लॅश टेस्ट, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणं, ४५. चालवून बघणं आणि लेबल ४२. पॅकिंग ४३. एकूण काम ३४२ सेकंदांचं.

३४२ ला ५० ने भागलं तर ६.८४ येतात, म्हणजे कागदावर सात माणसंसुद्धा पुरतील. पण मघाच्या ४६ ने भागलं तर ७.४, म्हणजे आठ. माणसं पुरेशी आहेत, फक्त त्यांच्यात काम नीट वाटलेलं नाही. आठ माणसं ६२ सेकंदांच्या तालावर चालली की एका मिक्सरमागे ४९६ सेकंदांचे पैसे जातात आणि त्यातले ३४२ कामाचे असतात. म्हणजे बॅलन्स ६९ टक्के. आणि २७,००० ला ६२ ने भागून बघ: ४३५. सगळं सुरळीत चाललं तरी तुझी लाइन यापुढे जाऊच शकत नाही.

आता नववा माणूस देऊन बघू. वायरिंगचे ६२ दोघांत वाटले की ३१-३१ झाले. पण मग लाइन फ्लॅश टेस्टच्या ४५ वर अडेल आणि वायरिंगचे दोघं मिक्सरमागे चौदा सेकंद हात चोळत बसतील. ताल ४५, माणसं नऊ, बॅलन्स ८४ टक्के. हा आकडा लक्षात ठेव, याच्याशीच आपल्याला तुलना करायची आहे.

काम हलवायचं तर काय कशाआधी झालंच पाहिजे, हे आधी पक्कं कर. इथे बहुतेक जण आज ज्या क्रमाने काम होतं तोच क्रम लिहून काढतात, आणि मग काहीच हलत नाही. प्रत्येक कामाची वेगळी चिठ्ठी कर, एका सेकंदाला दोन मिलिमीटर या मापाने कागदाची पट्टी काप आणि पुठ्ठ्यावर स्टेशनप्रमाणे उभी लाव. ५० सेकंदांवर, म्हणजे दहा सेंटिमीटरवर, लाल दोरा ताण. मग प्रत्येक पट्टी हातात घेऊन विचार: हे काम आधी केलं तर वस्तूच अडवते, की फक्त सवय अडवते? आठ स्टेशनांसाठी सॉफ्टवेअर लागत नाही.

वायरिंगच्या ६२ मध्ये दोन पट्ट्या आहेत: टॅब जोडणं ४६ आणि वायरी टायने बांधून बसवणं १६. बांधणीची पट्टी पुढच्या, कव्हरच्या स्टेशनला दे. ती तिथेच शोभतेही. कव्हर आणि बॉडीमध्ये वायर चेपली की मिक्सर फ्लॅश टेस्टला उडतो, आणि आज वायरिंगवाला म्हणतो मी नीट बांधली होती, कव्हरवाला म्हणतो मला अशीच मिळाली. बांधणारा आणि झाकणारा एकच असला की हा वाद मिटतो.

पण मग कव्हरचं स्टेशन ५६ वर जातं. तिथून काय काढायचं? रबरी पाय, १२ सेकंद. आज ते मिक्सर बंद झाल्यावर लावतात, कारण ते मिक्सरचे पाय आहेत. प्रत्यक्षात ते फक्त कव्हरमध्ये दाबून बसतात. सुटं कव्हर टेबलावर घेऊन ते पहिल्याच स्टेशनला लावता येतील, तिथे आज ३० च सेकंदांचं काम आहे. एक गोष्ट मात्र जागेवर जाऊन बघ. काही मॉडेल्समध्ये कव्हरचे स्क्रू पायांच्या खाली लपवलेले असतात. तसं असेल तर पाय आधी लावताच येणार नाहीत, इथे वस्तूच अडवते. तू पाठवलेल्या फोटोत स्क्रूची भोकं पायांच्या शेजारी दिसताहेत, म्हणजे जमेल. पाय लावलेलं कव्हर त्याच पॅलेटवर बॉडीशेजारी ठेवून पुढे पाठव. पॅलेटवर जागा नाही म्हणून कव्हरं क्रेटमध्ये साठवून नेऊ नकोस. मग ती उचलून आणायचं काम कोणाच्याच पट्टीत नसतं आणि तरी कोणीतरी करतच असतं.

आता पहिलं स्टेशन ४२, वायरिंग ४६, कव्हर ४४. इथे थांबता आलं असतं, पण मी थांबणार नाही, कारण तुझ्या शीटमध्ये वायरिंगची फक्त सरासरी नाही, दहाही नोंदी आहेत. सर्वात कमी ५४, सर्वात जास्त ७८. बाकी स्टेशनं दोन-तीन सेकंदांनी मागेपुढे होतात, हे चोवीसने. वायर मऊ असते, टॅब घट्ट असतो, बोटं आत जात नाहीत. अशा स्टेशनला इतरांइतकंच भरलं की सरासरीत ते बसतं आणि प्रत्यक्षात दर तासाला लाइन थांबवतं. मोकळीक त्यालाच द्यायला हवी.

म्हणून वायरिंगमधलं आणखी एक काम बाहेर काढ: मोटरची एक वायर ओव्हरलोडच्या टॅबवर लावणं, ७ सेकंद. मोटर दुसऱ्या स्टेशनलाच स्क्रूने पक्की होते आणि ओव्हरलोडही तिथेच बसतो, मग ही जोडणीही तिथेच होऊ दे. ओव्हरलोड बॉटम कव्हरमध्ये बसणारं मॉडेल असतं तर हे शक्य नव्हतं. तुमच्याकडे तो बॉडीत आहे. दुसरं स्टेशन ४३ झालं, वायरिंग ३९.

आता ओळीने वाच: ४२, ४३, ४४, ३९, ४४, ४५, ४२, ४३. बेरीज तीच, ३४२. ताल ४५. नववा माणूस घेऊन जो ताल मिळत होता तोच आठांत मिळाला, आणि बॅलन्स ९५ टक्के झाला. ४५ च्या तालाने कागदावर ६०० निघतात. अडथळे धरून ५४० ला हात पोचायला हरकत नाही.

टेस्टच्या स्टेशनला मी मुद्दाम हात लावलेला नाही. फ्लॅश टेस्टचं व्होल्टेज आणि वेळ सुरक्षेच्या मानकाने ठरते, तिथले सेकंद कापून बॅलन्स सुधारायचा मोह कोणी दाखवला तर साफ नाही म्हण.

बदल करताना दोन गोष्टींत गडबड होईल. एक, वायरी न बांधता मिक्सर वायरिंगकडून कव्हरकडे जाईल, तेव्हा बाहेर लोंबणारी वायर कन्व्हेअरच्या कडेला अडकू शकते. वायरी बॉडीच्या आत सारून मगच पॅलेट ढकलायचं, एवढं वायरिंगवाल्याला सांग आणि त्याचा सेकंद-दीड सेकंद मोजून घे. दोन, पाय आणि टाय यांच्या बिनची जागा बदलेल. काम हललं आणि बिन जुन्याच जागी राहिला तर माणूस चार पावलं चालतो आणि तुझे ४२ चे ४८ होतात. आदल्या संध्याकाळी बिन हलव, मग सकाळी माणसांना सांग. आणि वेळ घेताना वायरिंगला कोण बसलं होतं ते मला कळव. सगळ्यात चपळ बाई असेल तर हे ३९ फसवे आहेत, रोजच्या माणसाच्या नोंदी पुन्हा घ्याव्या लागतील.

सुरू झाल्यावर स्टॉपवॉच लगेच काढू नकोस, माणसं घाईघाईने काम करून दाखवतात. दोन स्टेशनांमध्ये एकच पॅलेटची जागा ठेव आणि बाजूला उभा राहून बघ. पॅलेट समोर थांबलाय आणि मागचा माणूस हात बांधून उभा आहे, तर अडचण पुढे आहे. माणूस रिकामा आणि समोर पॅलेटच नाही, तर अडचण मागे आहे. आज वायरिंगच्या अलीकडे पहिला प्रकार दिसत असेल आणि पलीकडे दुसरा. बदलानंतर दोन्ही कधी इथे, कधी तिथे दिसले तर लाइन जुळली आहे. पुन्हा एकाच ठिकाणी दिसायला लागले तर त्या स्टेशनची पट्टी चुकीच्या लांबीची कापली गेली आहे.

पुढच्या महिन्यात मागणी ४५० वर येणार असं तू लिहिलंस. तेव्हा टॅक्ट ६० होईल आणि सात माणसांत बसवता येईल. ती मांडणी आत्ताच पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला लावून ठेव. आठ माणसं ठेवून सगळ्यांना सावकाश चालू दिलं तर कुठे किती वेळ रिकामा आहे ते दिसणार नाही. आणि सुटलेला माणूस कामावरून कमी होणार नाही, दुसऱ्या लाइनवर जाणार, हे मॅनेजरकडून आधी वदवून घे. नाहीतर पुढच्या वेळी खरी वेळ तुला कोणी देणार नाही.

पहिल्या तीन दिवसांची तासागणिक संख्या आणि फ्लॅश टेस्टला पडलेल्या मिक्सरची यादी मला पाठव. तिसऱ्या दिवशी वायरिंगच्या दहा नव्या नोंदीही घे. त्या पाहून सात जणांच्या मांडणीवर बोलू.

तुझा,
जुना सहकारी