गोळी बंद केली आणि दुखणं थांबलं, म्हणजे गोळीच ना?

प्रश्न: बाबांना (वय ६४) कोलेस्टेरॉलसाठी अटोरव्हास्टॅटिन १० सुरू झाली. आठवड्याभरात पोटऱ्या दुखायला लागल्या. त्यांनी स्वतःच गोळी बंद केली, तीन दिवसांत आराम. म्हणजे गोळीच ना? कायमची बंद ठेवली तर चालेल?

उत्तर: हे वाचलं आणि माझीच जुनी गोष्ट आठवली. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बाबांना आधी अटॅक आला असेल किंवा स्टेंट बसवलेला असेल, तर आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, बाकीचं नंतर वाचा.

माझी घोडचूक एकच: त्या आरामालाच मी पुरावा मानलं. मलाही स्टॅटिन, म्हणजे अटोरव्हास्टॅटिनच्या गटातली कोलेस्टेरॉलची गोळी, सुरू झाली होती. तिच्यासोबतचा कागद भिंग लावून वाचला होता, त्यात सोसायटीतल्या एका काकांनी "स्नायू वितळतात" म्हणून भर घातली. नवव्या दिवशी जिना उतरताना पोटऱ्या भरून आल्या. गोळी सोडली आणि चौथ्या दिवशी पाय मोकळे. हे एका दवाखान्यात सांगितलं, तर समोरच्यांनी मान वर न करता फाईलच्या कव्हरवर लाल पेनाने लिहिलं, 'स्टॅटिन चालत नाही'. स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी सीपीके ही रक्ततपासणी नाही, थायरॉइड नाही, दुखणं कधी सुरू झालं हेही विचारलं नाही. नाव लिहीत नाही, पण त्या तीन शब्दांनी माझी अडीच वर्षं खाल्ली. पुढचा प्रत्येक डॉक्टर कव्हर वाचायचा आणि विषय सोडून द्यायचा. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र १७० च्या घरातच.

नंतरच्या फिजिशियनबाईंनी मला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजची 'सॅमसन' चाचणी समजावली (२०२० साली प्रसिद्ध झाली). त्यात ६० जण होते, सगळे आपल्या बाबांसारखे, म्हणजे सुरुवातीच्या दोन आठवड्यांत त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेले. प्रत्येकाला वर्षभरासाठी १२ बाटल्या दिल्या: चारांत अटोरव्हास्टॅटिन २०, चारांत हुबेहूब तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. कुठल्या गोळीत औषध आहे हे त्यांना माहीत नव्हतं. रोज फोनवर त्रासाला ० ते १०० मध्ये गुण द्यायचे. सरासरी अशी आली: रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत ८, नकली गोळीच्या १५.४, खऱ्या गोळीच्या १६.३.

वजाबाकी करून बघा. गोळी घेतल्याने त्रास ८.३ ने वाढला, त्यातले ७.४ नकली गोळीनेही वाढले. म्हणजे जवळजवळ ९० टक्के वाढ गोळी *घेण्यातून* आली, औषधातून नाही. यालाच नोसीबो म्हणतात. आणि मला खरा धक्का पुढे बसला: गोळी थांबवल्यावर आराम जितक्या लवकर खऱ्या गोळीनंतर पडला, तितक्याच लवकर नकलीनंतरही पडला. म्हणजे माझा 'चौथ्या दिवशी मोकळं' हा पुरावा कचऱ्यात.

आता याचा अर्थ "मनाचे खेळ आहेत" असा काढून बाबांना ऐकवू नका. मला तसं कुणी म्हटलं की अजूनही डोकं फिरतं. दुखतं ते खरंच दुखतं. नकली गोळीवरही काही जणांना त्रासामुळे त्या महिन्याच्या गोळ्या मध्येच थांबवाव्या लागल्या होत्या. आणि औषधाचा खरा त्रासही असतो, फक्त विरळा. खुर्चीतून उठता न येण्याइतका अशक्तपणा किंवा कोऱ्या चहासारखी लघवी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, तिथे नोसीबोची चर्चा नको. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत चालू असेल तर तेही सांगायचं.

बाईंनी माझं सीपीके आणि थायरॉइडचं टीएसएच करून घेतलं, दोन्ही नॉर्मल. (सीपीकेच्या आधी दोन दिवस जिम, डोंगर काही नको, आकडा उगाच वाढतो.) मग म्हणाल्या, आणखी एक महिना गोळीशिवायच राहा, पण रोज रात्री कॅलेंडरवर दुखण्याचे गुण लिहा. सोमवारच्या चौकटीत दर वेळी ३० च्या आसपास! कारण रविवारी पर्वती चढायचो. गोळी नसतानाही पोटऱ्या दुखतच होत्या, मी फक्त मोजत नव्हतो.

मग गोळी पुन्हा सुरू केली, आधी ५, महिन्याने १०. पहिल्या आठवड्यात रोज २५, तिसऱ्यापर्यंत १० वर आलं. हा घरगुती हिशोब आहे, मला माहीत होतं मी काय गिळतोय, त्यामुळे औषध आणि भीती यातून वेगळी होत नाहीत. पण आपलं मूळ दुखणं किती, हे तरी कळतं.

बाबांना डॉक्टरांकडे न्याल तेव्हा फाईलवर 'चालत नाही' लिहू देऊ नका. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कितव्या दिवशी काय दुखलं आणि सीपीके किती, एवढंच लिहायला सांगा. माझं ते लाल कव्हर मी फाडून टाकलं, तरी जुन्या झेरॉक्सवरून एकाने परवा पुन्हा तेच विचारलं.