दहा एकराला आठ फोटो की दोनशे?

प्रश्न: "आमचं रान ३०० मीटर लांब, १३५ मीटर रुंद, म्हणजे १० एकर. सगळा उभा ऊस, बांधाला नारळ. फँटम ४ प्रो ड्रोन ६० मीटरवरून उडवून रानाचा नकाशा करणार आहे. एका फोटोत ९० बाय ६० मीटर येतं असं मी काढलंय, म्हणजे ८ फोटोंत काम व्हायला हवं. अ‍ॅप २०० दाखवतंय. एवढे खरंच लागतात, की कमी करता येतील?"

कमी करता येतील, पण ओव्हरलॅप, म्हणजे शेजारचे फोटो एकमेकांवर जेवढे चढतात तो भाग, कापून नाही. उंची वाढवून.

तुमचा ९० बाय ६० चा आकडा बरोबर आहे. या कॅमेऱ्याचा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर आणि लेन्सची फोकल लेंग्थ ८.८ मिलिमीटर. त्यामुळे हिशोब फार सोपा पडतो: फोटोत जमिनीची लांब बाजू उंचीच्या दीडपट, आखूड बाजू उंचीएवढी. नुसत्या क्षेत्रफळाने भागलं तर ८ फोटोसुद्धा बरोबरच, जर फरशा बसवल्यासारखे ते कडेला कड लावून ठेवायचे असते तर. फोटो जोडून नकाशा करणारं सॉफ्टवेअर तसं करत नाही. एकच ढेकूळ, एकच व्हॉल्व्ह, एकच सरीचं टोक ते वेगवेगळ्या फोटोंत शोधतं आणि त्यावरून कॅमेरा नेमका कुठे होता, जमीन किती उंच होती हे काढतं. एका फोटोतल्या ठिपक्याची उंची कळत नाही. दोन फोटोंत कळते पण भरवसा नसतो. पाच-सहा फोटोंत तोच ठिपका सापडला की आकडा पक्का होतो.

आता तुमच्या अ‍ॅपचे २०० कुठून आले ते बघा. त्यात बहुधा पुढचा ओव्हरलॅप ७५ टक्के आणि बाजूचा ७० टक्के असेल. ड्रोन रानाच्या लांबीने जातो आणि फोटोची लांब बाजू आडवी पडते. म्हणजे जाण्याच्या दिशेला फोटो ६० मीटरचा, त्यातला नवा भाग २५ टक्के, म्हणून दर १५ मीटरला एक फोटो. आडव्या दिशेला ९० मीटर, त्यातला नवा भाग ३० टक्के, म्हणून दोन फेऱ्यांत २७ मीटर अंतर. थोडक्यात प्रत्येक फोटो ५४०० चौरस मीटर दाखवतो, पण नवीन जमीन फक्त १५ गुणिले २७, म्हणजे ४०५ चौरस मीटर देतो. तुमचं रान ४०,५०० चौरस मीटर. भागा: १००.

मग १०० चे २०० कसे? इथे बरेच जण फसतात. ३०० मीटरमध्ये १५ मीटरची २० अंतरं बसतात, पण फोटो २१ लागतात. १३५ मध्ये २७ ची ५ अंतरं, पण फेऱ्या ६. झाले १२६. तेवढ्यावर थांबलात तर रानाच्या मध्यावरचा ठिपका साधारण १३ फोटोंत येईल आणि कोपऱ्यावरचा चारच फोटोंत, तेही सगळे आतल्या बाजूने घेतलेले. नकाशाच्या कडा मग खाली-वर वाकतात. बांध कुठे आहे हेच बघायचं असेल तर सगळी मेहनत वाया. म्हणून अ‍ॅप दोन्ही बाजूंना एकेक फेरी जास्त घेतं आणि प्रत्येक फेरीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन फोटो जास्त. २५ गुणिले ८, बरोबर २००. लहान रानाला कडांचा हा खर्च कायम जास्त दिसतो.

तुमच्या प्रश्नात मला खरी अडचण वाटते ती ऊस आणि नारळाची. उभ्या उसात सगळीकडे पानंच पानं, त्यात वारा. एका फोटोतलं पान तीन सेकंदांनी घेतलेल्या पुढच्या फोटोत जागेवर नसतं. अशा पिकात सॉफ्टवेअरला जुळणारे ठिपके मिळत नाहीत आणि नकाशात भोकं पडतात किंवा सरी तुटक दिसतात. उंचावरून एका फोटोत बांध, वाट, पाट, नारळाचा बुंधा असं काहीतरी स्थिर येतं आणि जुळणी सुटते.

नारळाचं गणित वेगळं. ६० मीटर उंची ही ड्रोन जिथून उडाला त्या जमिनीपासूनची. १२ मीटरच्या नारळाच्या शेंड्यावर ड्रोन ४८ मीटरच वर असतो, म्हणून तिथे फोटो ७२ बाय ४८ मीटरचाच पडतो. फोटोंमधलं अंतर मात्र तेच, १५ आणि २७. ओव्हरलॅप पुढचा ७५ वरून ६९ वर येतो, बाजूचा ७० वरून ६२ वर. झावळ्या धुरकट, दुहेरी दिसतात त्या यामुळे. ऊस तीन मीटरचा असेल तर त्याने एक-दीड टक्क्याचाच फरक पडतो, त्याची काळजी नको. चढाच्या रानालाही हाच नियम: सगळ्यात उंच टोकावरून उडवा, म्हणजे बाकी सगळीकडे ओव्हरलॅप ठरवलेल्यापेक्षा जास्तच राहील.

मी तुमच्या जागी असतो तर १०० मीटरवरून, पुढचा ८० आणि बाजूचा ७० टक्के ठेवून उडवला असता. फोटो पडतो १५० बाय १०० मीटरचा. पुढे दर २० मीटरला एक, फेऱ्यांत ४५ मीटर. ३०० मीटरला १६ फोटो, टोकांचे ४ धरून २०. १३५ मीटरला ४ फेऱ्या, कडेच्या २ धरून ६. एकूण १२०. नारळाच्या शेंड्यावरही ७७ आणि ६६ टक्के ओव्हरलॅप उरतो, म्हणजे ६० मीटरच्या फ्लाइटपेक्षा चांगला. सेकंदाला ५ मीटर वेगाने दर ४ सेकंदांना फोटो, सगळं अंतर अडीच किलोमीटर, साडेआठ मिनिटं. एका बॅटरीत निवांत. फेऱ्या लांबीनेच घ्या. रुंदीने घेतल्या तर फोटो जवळपास तेवढेच, वळणं मात्र दुपटीच्या आसपास, आणि वळणावर बॅटरी फुकट जाते.

किंमत काय मोजता? ६० मीटरवर फोटोतला एक पिक्सेल जमिनीवर १.६ सेंटीमीटरचा असतो, १०० वर २.७ चा. उसाची पडझड, पाण्याचा ताण, क्षेत्र, बांध, तुटाळ बघायला एवढं पुष्कळ झालं. लागणीनंतर दीड महिन्याने कोंब मोजायचे असतील तेव्हा मात्र ६० च्या खालीच यावं लागेल, आणि तेव्हा २०० पेक्षा जास्त फोटो निमूट घ्यायचे.

उंचीची एक कायदेशीर बाजूही आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ग्रीन झोनमध्ये ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही. पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट, म्हणजे ६० मीटरच आहे. रान त्या पट्ट्यात येत असेल तर १०० चा विचार सोडा आणि ६० वर पुढचा ८० टक्के करा. अंतर १२ मीटरवर येतं, फोटो २४० होतात.

शटर १/५०० पेक्षा हळू ठेवू नका. ५ मीटर वेगाला तेवढ्या वेळात ड्रोन एक सेंटीमीटर सरकतो, ते पिक्सेलच्या आत बसतं. ढगाळ हवेत ऑटोवर ठेवलंत आणि कॅमेरा १/१०० वर गेला तर पाच सेंटीमीटरचा फरपटा येतो, आणि तो ओव्हरलॅप कितीही वाढवला तरी जात नाही. नकाशा तयार झाल्यावर आधी सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमधला ओव्हरलॅपचा रंगीत नकाशा उघडा. बांधापर्यंत सगळीकडे "५ किंवा जास्त" चा रंग असेल तर ठीक. नारळाच्या ओळीवर रंग बदललेला दिसला तर तेवढीच पट्टी १०० मीटरवरून आडव्या फेऱ्यांनी परत उडवून तेच फोटो आधीच्या सेटमध्ये टाका, सगळं रान पुन्हा उडवायची गरज नाही. मात्र ते त्याच दिवशी, सावल्या फिरायच्या आत.