आधी पॉलिसी परत, मग भाडेवाढ

प्रश्न: चिपळूण शहरात पहिल्या मजल्यावर माझा वन बीएचके आहे. तीन वर्षांपासून एक जोडपं राहतं, नवरा लोट्याला कंपनीत आहे. भाडं 9,000, डिपॉझिट 40,000. सुरुवातीला 11 महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतला होता, पुढे तसंच चालू आहे. माणसं चांगली आहेत, पण भाडं कधी 8 तारखेला येतं, कधी 15 ला. ऑगस्टपासून 12,000 करायचं आहे. ओळखीच्या एजंटने 36,000 हप्त्याची पॉलिसी दिली. 12 वर्षं भरायचं, 20 वर्षांनी 8 लाख मिळणार. पहिला हप्ता डिपॉझिटमधून भरला, पुढचे वाढीव भाड्यातून निघतील. पॉलिसीचे कागद गेल्या आठवड्यात आले. माझं वय 56. संबंध न बिघडता भाडेवाढ कशी सांगू?

उत्तर: ताई, भाडेकरूला काय सांगायचं ते खाली लिहितो, पण त्याला अजून वेळ आहे. पॉलिसीला नाही. कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते आणि थोडी वजावट होऊन पैसे मिळतात. उद्याच विमा कंपनीच्या शाखेत जा, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. एजंटकडे अर्ज देऊ नका. तो "बघतो, बोलतो" म्हणत महिना काढेल, आणि मग पैसे अडकलेच.

परत का करायची? बारा वर्षांत तुम्ही 4 लाख 32 हजार भरणार आणि विसाव्या वर्षी 8 लाख घेणार. म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वाचार टक्के. हेच पैसे पीपीएफमध्ये टाकले आणि आजचा 7.1 टक्के दर टिकला, तर त्याच वीस वर्षांत 12 लाखांच्या आसपास होतात. शिवाय पैसे हातात येतील तेव्हा तुम्ही 76 वर्षांच्या असाल. 56 वर्षांच्या बाईला वीस वर्षांची पॉलिसी विकणाऱ्याने तुमचा विचार केलेला नाही, आणि याचा मला राग येतो.

त्याहून मोठी चूक डिपॉझिटची. ते 40,000 तुमचे नाहीत. उद्या त्या जोडप्याने घर सोडलं तर किल्ली हातात घेतानाच तुम्हाला ते द्यावे लागतील. पॉलिसीचे पैसे परत आले की जे काही कमी पडेल ते स्वतःचे घालून पूर्ण 40,000 ची वेगळी एफडी करा आणि पावतीवर पेन्सिलने "डिपॉझिट" असं लिहून ठेवा.

आता एक हिशेब बघा. 3,000 ची वाढ गुणिले 12 म्हणजे बरोबर 36,000. तुमची भाडेवाढ बाजारभावावरून ठरलीच नव्हती, ती पॉलिसीच्या हप्त्यावरून ठरली होती. हप्ता गेला की 12,000 चं कारणही गेलं. एका दमात 33 टक्के वाढ मागितली आणि ते निघून गेले, तर घर दीड-दोन महिने रिकामं राहील, रंगकाम आणि एजंटची दलाली वेगळी. सहज 20-25 हजार जातात, म्हणजे वाढीव 3,000 चे सात-आठ महिने. त्यात पावसाळ्यात बंद घराचं काय होतं ते चिपळूणकरांना मी सांगायला नको. भिंतीला ओल येते, कपाटातल्या गाद्यांना बुरशी धरते.

तीन वर्षं वाढ मागितली नाही, हे खरं. दर वर्षी पाच टक्के वाढवलं असतं तर आज साधारण 10,400 झालं असतं. म्हणून माझ्या मते यंदा 10,000 आणि पुढच्या वर्षी 10,500 रास्त आहे. मागची तूट एकदम वसूल करू नका.

पण ही वाढ तुम्ही कशाच्या आधारावर मागणार? तुमचा करार संपून दोन वर्षं होऊन गेली, आणि तो चालू होता तेव्हाही कच्चाच होता. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे घर लिव्ह अँड लायसन्सवर द्या नाहीतर भाडेपट्ट्याने, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करणं घरमालकाचं काम आहे. ती नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं तुमच्यावर येतं. दंड 5,000 पर्यंत, आणि तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

त्यामुळे आज तुम्ही भाडेवाढ लादू शकत नाही. प्रस्ताव द्यायचा, आणि तो नव्या नोंदणीकृत करारात बसवायचा. खर्चाची भीती बाळगू नका. दोन वर्षांचा करार, पहिल्या वर्षी 10,000 आणि दुसऱ्या वर्षी 10,500, म्हणजे एकूण भाडं 2 लाख 46 हजार. त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून 8,000 मिळवायचे आणि येणाऱ्या रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण 635 रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी 1,000. करून देणाऱ्याचे पैसे वेगळे धरले तर सरकारी खर्च दोन हजारांच्या आत बसतो. हा खर्च तुम्ही करा, वाढ मागताना तेवढं शोभून दिसतं.

तारखेचं बोलू. त्यांना विचारा, पगार कितीला होतो? समजा 7 ला होत असेल, तर तुम्ही 5 तारीख लिहून काय उपयोग? 10 तारीख ठरवा आणि "त्या महिन्याचं भाडं त्याच महिन्यात" असं स्पष्ट लिहा. नाहीतर जुलैत आलेले पैसे जूनचे की जुलैचे, यावर घर सोडताना हमखास वाद होतो. पैसे खात्यावर आले तरी महिन्याचं नाव घालून पावती द्या.

आणि ऑगस्टपासून वाढ नकोच. गणपतीला गावी जाणं, खरेदी, सगळा खर्च तेव्हाच असतो. ऑगस्टच्या सुरुवातीला सांगा आणि नोव्हेंबरपासून लागू करा. आधी प्रत्यक्ष भेटून बोला, त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर असं पाठवा:

"नमस्कार. सकाळी बोलल्याप्रमाणे लिहून कळवते. नोव्हेंबरपासून भाडं 9,000 ऐवजी 10,000 करावं असा विचार आहे. ऑक्टोबरपर्यंत 9,000 च. त्या त्या महिन्याचं भाडं त्याच महिन्याच्या 10 तारखेपर्यंत खात्यावर जमा करावं. डिपॉझिट 40,000 च राहील. 1 नोव्हेंबरपासून दोन वर्षांचा करार रजिस्टर करून घेऊ, दुसऱ्या वर्षी भाडं 10,500, नोंदणीचा खर्च मी करेन. गणपती झाल्यावर सावकाश विचार करा आणि सप्टेंबरअखेरपर्यंत कळवा."

तेच पत्र कागदावर लिहून एका प्रतीवर त्यांची सही घ्या. "मिळालं" एवढंच लिहून सही, कबुली म्हणून नव्हे.

ते 9,500 म्हणाले तर? त्यांचं ऐकून घ्या. 9,700 वर ठरलं तरी वर्षाला फरक 3,600 चा आहे, त्यासाठी तीन वर्षं घर नीट ठेवणारी माणसं घालवू नका. मात्र नोंदणी आणि 10 तारीख या दोन गोष्टी सोडू नका. ते नकोच म्हणाले, तर ऑक्टोबरअखेरपर्यंत दुसरं घर बघायला वेळ द्या आणि एफडी मोडून डिपॉझिट हातावर ठेवा.