मामांनी केलेलं भाषांतर आणि नोटरीचा शिक्का

‘कॅनडाच्या स्टडी परमिटसाठी माझा जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीत हवा आहे. दोन्ही मराठीत आहेत. माझे मामा इंग्रजीचे प्राध्यापक आहेत. त्यांनी दोन्हींचं उत्तम भाषांतर करून सही करून दिलं. मैत्रीण म्हणते, हे चालणार नाही. त्यावर नोटरीचा शिक्का घेतला तर चालेल ना?’

मैत्रीण बरोबर सांगते आहे, आणि नोटरीच्या शिक्क्यानेही हे भाषांतर चालणार नाही. मामांच्या इंग्रजीबद्दल कोणालाच शंका नाही. अडचण त्यांच्या नात्याची आहे.

तुझी फाइल तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मराठी वाचता येत नाही. तुझी जन्मतारीख त्याच्यासमोर येते ती फक्त भाषांतरातून. त्यामुळे भाषांतर किती सुबक आहे, हे तो बघत नाही. ज्याला तुझ्या परवान्यातून काही मिळवायचं नाही आणि चूक निघाली तर ज्याला जबाबदार धरता येईल, असा माणूस त्यामागे उभा आहे का, एवढंच तो बघतो. म्हणून कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने अर्जदार स्वतः आणि त्याचे नातेवाईक यांना भाषांतर करायला सरळ मनाई केली आहे. आईवडील, पालक, भावंडं, जोडीदार, आजीआजोबा, मुलं, काका, मामा, मावशी, आत्या, भाचे, पुतणे आणि सख्खी चुलत-मावस-आते-मामे भावंडं, सगळे त्यात आले. नातेवाईक वकील, नोटरी किंवा व्यावसायिक भाषांतरकार असला तरी नियम तोच.

आता नोटरीचं. नोटरी सही बघतो: समोर आलेला माणूस तोच आहे आणि त्याने माझ्यासमोर सही केली, एवढीच त्याची साक्ष. ‘दाखल्यात पाच आहे की चार’ हे तो सांगत नाही. अपोस्टिलचीही गल्लत अशीच होते. १९६१च्या हेग करारातून आलेलं अपोस्टिल म्हणजे सरकारी कागदावरची सही, सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का खरा असल्याचा दाखला. मजकुराबद्दल ते काहीच म्हणत नाही.

म्हणून आधी एक खर्च वाचतो का ते बघ. दाखला देणाऱ्या कार्यालयाकडून इंग्रजी किंवा दोन्ही भाषांतली प्रत मिळते का, हे विचार. जन्मदाखला बऱ्याचदा दोन्ही भाषांत मिळतो. शाळेलाही विचार. कार्यालयाने स्वतः दिलेली इंग्रजी प्रत हा मूळ कागदच असतो. प्रत्येक ओळ आणि शिक्काही इंग्रजीत असेल, तर भाषांतराचा प्रश्नच उरत नाही.

तशी प्रत मिळाली नाही तर दोन वाटा आहेत. पहिली, प्रमाणित भाषांतरकार. कॅनडाच्या व्याख्येत हा व्यावसायिक भाषांतरकारांच्या संघटनेचा पूर्ण सदस्य असतो, आणि त्याच्या शिक्क्यावर सदस्यत्व क्रमांक दिसतो. संघटना कॅनडातलीच हवी असं नाही. पण ‘सदस्यत्वासाठी अर्ज केलाय’ असं सांगणारा माणूस यात बसत नाही. असा प्रमाणित भाषांतरकार असेल तर प्रतिज्ञापत्र लागत नाही.

दुसरी वाट, दोन्ही भाषा नीट येणारा, नात्यात नसलेला माणूस. त्याने भाषांतरासोबत प्रतिज्ञापत्र करायचं, म्हणजे शपथ देण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीसमोर शपथेवर सांगायचं की मला मराठी आणि इंग्रजी येतं आणि हे भाषांतर मूळ कागदाशी तंतोतंत जुळतं. इथे नोटरी लागतो, पण शपथ घेणारा भाषांतरकार असतो, तू नव्हेस. मामांच्या बाबतीत ही वाटही बंद आहे.

दोन्ही वाटांवर मूळ दाखल्याची प्रमाणित छायाप्रतही जोडावी लागते. प्रत प्रमाणित करणारा मूळ कागदाशी ताडून ‘ही मूळ दस्तऐवजाची खरी प्रत आहे’ असं लिहितो आणि स्वतःचं नाव, पद, मूळ कागदाचं नाव, तारीख टाकून सही करतो. भाषांतर याच प्रतीवरून करून घे. घरी पडलेल्या जुन्या झेरॉक्सवरून केलं आणि प्रमाणित प्रत नव्याने मिळालेल्या दाखल्याची निघाली, की नोंदणी क्रमांक किंवा दिनांक जुळत नाही आणि दोन्ही कागद संशयात येतात.

मसुदा हातात आल्यावर बारीक नजरेने वाच. घरच्या भाषांतरात सर्वांत जास्त राहून जातात ते शिक्के. दाखल्याच्या कोपऱ्यात निळा गोल शिक्का असेल आणि त्यात मराठी मजकूर असेल, तर भाषांतरात त्या जागी चौकोनी कंसात ‘गोल शिक्का’ असं इंग्रजीत लिहून पुढे आतला मजकूर द्यावा लागतो. अर्धा पुसला असेल तर ‘अस्पष्ट’ अशी नोंद करायची. अंदाजाने शब्द भरायचे नाहीत. रिकामा रकाना रिकामा म्हणून दाखवायचा. ‘शेरा’ रकान्यातली हाताने लिहिलेली ओळ बिनमहत्त्वाची वाटली तरी तिचंही भाषांतर हवं.

मग आकडे. हाताने लिहिलेले १ आणि ९, ४ आणि ५ एकमेकांसारखे दिसतात. शाळेच्या दाखल्यात जन्मतारीख बहुधा अक्षरीही लिहिलेली असते, तिच्याशी ताडून बघ. समजा तारीख ०३/०४/२००६ आहे. भाषांतरात ती 03/04/2006 अशीच गेली, तर वाचणारा ३ एप्रिल समजेल किंवा ४ मार्च. महिना अक्षरात लिहिला की हा घोळ मिटतो.

नावाचं अवघड आहे. देवनागरीतलं ‘वैशाली’ रोमनमध्ये Vaishali होतं आणि Vaishalee सुद्धा. म्हणून भाषांतरकाराला पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत दे आणि तिथलं स्पेलिंग वापरायला सांग. पण दाखल्यात मुळातच नाव वेगळं असेल, किंवा वडिलांचं नाव गाळलेलं असेल, तर भाषांतरकाराने ते ‘दुरुस्त’ करायचं नाही. जे आहे तेच उतरवायचं. ती दुरुस्ती दाखला देणाऱ्या कार्यालयातूनच होते, आणि ती भाषांतराच्या आधी करून घ्यायची. प्रेमापोटी मदत करणारा माणूस नेमका इथे चुकतो: नाव पासपोर्टप्रमाणे पूर्ण करतो, ‘प्रथम श्रेणी’चे परस्पर टक्के करतो. सगळं चांगल्या हेतूने, पण मूळ कागदात नसलेली माहिती भाषांतरात आली की अर्ज अडचणीत येतो.

आणखी एक. हे सगळं कॅनडाच्या परमिटपुरतं आहे. ‘अधिकृत’ कशाला म्हणायचं, हे कागद घेणारा ठरवतो. ऑस्ट्रेलियात केलेल्या भाषांतरावर NAATI या भाषांतरकारांना मान्यता देणाऱ्या संस्थेचा शिक्का आणि क्रमांक मागतात. जर्मनीत न्यायालयापुढे शपथ घेतलेल्या भाषांतरकारांची पद्धत आहे. ब्रिटनच्या व्हिसासाठी भाषांतर अचूक असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क लागतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला परवानाधारक लागत नाही. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे व आपण ते करायला सक्षम आहोत, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावं लागतं. तुझ्या विद्यापीठाचे प्रवेशाचे नियम परमिटच्या नियमांपेक्षा वेगळे असू शकतात. म्हणून भाषांतरकाराला काम देण्याआधी दोन्हीकडच्या सूचना वाच आणि जो नियम जास्त कडक असेल त्याप्रमाणे करून घे.

मामांनी केलेलं भाषांतर फेकू नकोस. बाहेरच्या भाषांतरकाराचा मसुदा आला की मामांना मूळ दाखल्याशी ओळीनं ओळ ताडून बघायला सांग आणि सापडलेल्या चुका भाषांतरकाराला कळव. हे सही होण्याआधी झालं पाहिजे. सही आणि शिक्का झालेल्या पानावर पेनने खाडाखोड केली की ते पान पुन्हा करून घ्यावं लागतं.