प्लॅन वाढवू नका, आधी वायरचं टोक बघा

प्रश्न: एक्सबॉक्स सिरीज एस वर क्लाउड गेमिंग खेळतो. नेट 100 एमबीपीएसचं आहे, स्पीड टेस्टही चांगली येते, तरी गेम अटकतो. केबल टाकू, कंट्रोलर वायरने जोडू, की सरळ 300 चा प्लॅन घेऊ?

प्लॅन घेऊ नका. कन्सोलवर क्लाउडचा गेम चालवायला मायक्रोसॉफ्ट साधारण 20 एमबीपीएस मागतं. तुमच्याकडे त्याच्या पाचपट आहे. घरात कोणी टीव्हीवर मालिका लावली, कोणी मोबाईलवर रील बघत बसलं, तरी पुरून उरेल. केबल जरूर टाका, पण ती ज्याने बनवली त्याचं काम तपासा. ही अट मी मुद्दाम घालतोय. मी नागपुरात सीसीटीव्ही आणि नेटवर्कची कामं करतो आणि "वायर टाकली, काही फरक पडला नाही" हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. फरक पडत नाही तेव्हा बहुतेक वेळा वायर वाईट बनवलेली असते. आणि हे वाक्य मला सगळ्यात जास्त कोणी ऐकवलं असेल तर ते आमच्या भाऊजींनी.

ताईचं घर मनीष नगरला. दुमजली. नेटचा डबा खालच्या हॉलमध्ये आणि भाच्याची खोली वरती. भारतात नोव्हेंबर 2025 मध्ये क्लाउड गेमिंग अधिकृत सुरू झालं तेव्हा तो खूश, कारण सिरीज एस ची जागा सदा भरलेली असते आणि इथे गेम लांबच्या सर्व्हरवर चालतो, घरी फक्त चित्र येतं, काही डाऊनलोड करावं लागत नाही. वायफायवर मात्र वरच्या खोलीत खेळ नीट चालेना. मी फोनवरच सांगितलं, वायर ओढून घ्या. भाऊजींनी नेट लावून देणाऱ्या पोराकडूनच ओढून घेतली. तो आला, भिंतीच्या बाहेरून पंचवीसेक मीटर केबल वर नेली, दोन टोकं दाबली, टेस्टर लावला, आठही दिवे लागले, गेला. गेम तसाच. मग भाऊजींनी 300 चा प्लॅन घेतला. तरी तसाच. फोनवर मला म्हणाले, "अरे, तुझ्या वायरनं काहीच नाही होऊन राहिलं ना बे! नेटच खराब आहे आपल्याकडचं."

त्या आठवड्यात हिवाळी अधिवेशन चालू होतं, वर्धा रोड जाम. तरीही लॅपटॉप आणि क्रिम्पर घेऊन गेलो, कारण माझ्या धंद्यावर कोणी असं बोललेलं मला खपत नाही.

भाच्याला गेम लावायला सांगितला आणि मी फक्त पडदा बघत उभा राहिलो. गाड्यांची शर्यत होती. दर काही क्षणांनी रस्त्याचा एखादा तुकडा चौकोन-चौकोन होऊन फाटायचा, आवाज तुटायचा, मग चित्र झटक्यात पुढे सरकायचं. हे बघणं फार महत्त्वाचं. चित्र सुरळीत आहे पण गाडी बटणाच्या मागून उशिरा वळते, तर तो वेगळा आजार. तिथे टीव्हीचा गेम मोड बंद असतो किंवा सर्व्हर लांब असतो. चित्रच फाटतंय म्हणजे वाटेत डेटा गळतोय.

गळतोय कुठे, हे शोधायला कन्सोलची वायर काढून लॅपटॉपला लावली. सर्व्हर सोडा, आधी फक्त घरातल्या राउटरपर्यंतची वाट तपासायची. त्यासाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग चालवायचा, तो डेटाचे तुकडे पाठवतो आणि किती परत आले ते मोजतो. राउटरचा पत्ता बऱ्याच घरांत खालचाच असतो, नसेल तर कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेटवे म्हणून दिसतो:

```
ping -n 200 -l 1400 192.168.1.1
```

इथला `-l 1400` विसरू नका. साधा पिंग 32 बाइटचा असतो आणि एवढासा तुकडा वाईट वायरमधूनही निसटून जातो. गेमच्या चित्राचे तुकडे मोठे असतात, म्हणून पिंगही मोठा पाठवायचा. चांगल्या वायरवर राउटरचं उत्तर एका मिलिसेकंदाच्या आसपास येतं आणि एकही तुकडा गळत नाही. इथे शंभरातला एखाद-दुसरा गळत होता, घरातल्या घरात! शिवाय राउटर आणि लॅपटॉप दोन्हीकडे गिगाबिटचं पोर्ट असून जोडणी 100 वरच अडकली होती. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून `Get-NetAdapter` लिहिलं की `LinkSpeed` खाली हे दिसतं.

शंभरात एक म्हणजे काय मोठं, असं भाऊजींनाही वाटलं. हिशोब करून दाखवला. स्ट्रीम 15 एमबीपीएसचा धरा आणि प्रत्येक तुकडा 1200 बाइटचा. सेकंदाला साधारण दीड हजार तुकडे येतात. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे एका फ्रेमला पंचवीस-सव्वीस तुकडे. शंभरातला एक गेला तर जवळजवळ दर चौथ्या फ्रेमला काहीतरी कमी पडतं. थोडी दुरुस्ती सॉफ्टवेअर करून घेतं, पण हरवलेला तुकडा परत मागवायला वेळ नसतो, कारण पुढची फ्रेम 17 मिलिसेकंदांत दाखवायची असते. त्यात प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमच्या आधारावर बांधलेली, म्हणून एक डाग पुढच्या अनेक फ्रेममध्ये पसरतो. स्पीड टेस्टमध्ये हे दिसत नाही. ती एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, गेलेले तुकडे पुन्हा मागवते आणि शेवटी आकडा छान दाखवते. चित्रपटाचंही तेच. त्याचा पुढचा भाग आधीच भरून ठेवलेला असतो, म्हणून तो अटकत नाही. गेममध्ये पुढचं काय भरून ठेवणार? तुम्ही बटण दाबल्याशिवाय ते घडतच नाही.

आता टोक. कनेक्टर पारदर्शक असतो, त्याची खिट्टी पलीकडच्या बाजूला, सोनेरी पिना वर आणि केबल खाली लोंबती धरून डावीकडून रंग वाचायचे. त्या पोराने रंग जोडी-जोडीने ओळीत लावले होते: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला एकदम नीटनेटकं. आणि साफ चूक. केबलमध्ये दोन-दोन तारा एकमेकींना पीळ देऊन असतात, त्या पिळामुळेच बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा गोंधळ रद्द होतो. 100 च्या जोडणीत एक दिशा 1 आणि 2 नंबरच्या पिनेवरून जाते आणि दुसरी 3 आणि 6 वरून. म्हणजे 3 आणि 6 वर एकाच पिळातल्या दोन तारा हव्यात. त्याच्या पद्धतीत 3 वर पांढरा-हिरवा आला आणि 6 वर निळा. दोघींचा पीळ वेगळा, पिळाचा फायदा संपला. टेस्टर मात्र पास म्हणतो, कारण तो फक्त या टोकाची 3 नंबरची तार त्या टोकाच्या 3 ला पोचते का एवढंच बघतो. दोन मीटरच्या तुकड्यात हे खपूनही जातं. पंचवीस मीटरला नाही खपत.

बरोबर क्रम हा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकं कापून नवीन कनेक्टर लावले. पीळ कनेक्टरच्या तोंडापर्यंत ठेवायचा, उगाच बोटभर उलगडून ठेवायचा नाही. जोडणी लगेच गिगाबिटवर आली. तोच पिंग पुन्हा चालवला, एकही तुकडा गेला नाही. भाच्याने शर्यत लावली आणि म्हणाला, "मामा, आता बरोबर चालून राहिला." केबल तीच, भिंत तीच, कंपनी तीच.

राहिला तुमचा कंट्रोलर. तो कन्सोलशी बोलतो आणि कन्सोल सर्व्हरशी, त्यामुळे कंट्रोलरला वायर लावून फाटणारं चित्र सुधारणार नाही. शंका असेल तर कन्सोलवर उतरवलेला एखादा गेम खेळून बघा. तिथे बटणं नीट लागतात तर कंट्रोलर निर्दोष. तिथेही चुकतात तर आधी सेल बदला आणि मग यूएसबीने जोडा. पण केबल डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून बटणं जात नाहीत.

तुमची वायर ठीक निघाली तर दुसरा संशयित अपलोड. संध्याकाळी घरातले फोन वायफायला लागले की फोटो-व्हिडिओ वर चढवायला लागतात, राउटरमध्ये रांग लागते आणि तुमच्या बटणाचा छोटासा तुकडा त्या रांगेत मागे उभा राहतो. हे ओळखायला `ping -t 8.8.8.8` चालू ठेवून फोनवरून एक मोठा व्हिडिओ चढवा. पंचवीस-तीस मिलिसेकंदांचा आकडा दोनशे-तीनशेवर गेला तर हेच कारण. राउटरमध्ये कोणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी `QoS` नावाची सेटिंग असेल तर अपलोडला प्लॅनच्या थोडी खाली मर्यादा घाला, नसेल तर खेळताना बॅकअप थांबवा.

हेही सांगतो की वायफाय म्हणजे पापच असं नाही. कन्सोल आणि राउटर एकाच खोलीत असतील आणि 5 गिगाहर्ट्झवर असतील तर बिनधास्त खेळा. स्लॅब मध्ये आला की वायरच. अंतराचं मात्र कोणी काही करू शकत नाही. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, तेवढ्या लांबीच्या फायबरमधून प्रकाशालाच जाऊन-येऊन 7 मिलिसेकंद लागतात, आणि खऱ्या तारा सरळ जात नाहीत. क्षणात गोळी झाडायचे सामन्याचे गेम क्लाउडवर खेळू नका, ते उतरवूनच खेळा. आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. लाइट क्षणभर गेली तरी तो पुन्हा सुरू होईपर्यंत तुमचा गेम संपलेला असतो.

भाऊजी अजूनही चारचौघांत सांगतात की 300 चा प्लॅन घेतला म्हणून गेम सुधारला. ते इथे वाचत असतात, म्हणून लिहून ठेवतो. भाऊजी, ती वायर 100 वर अडकलेली होती. तिच्यातून वरच्या खोलीत 95 च्या वर काही पोचणं शक्यच नव्हतं. वरचे 200 तुम्ही खालच्या हॉलसाठी भरत होता. ताईने मागच्या रिचार्जला प्लॅन परत 100 चा केला आहे आणि भाचा रोज खेळतोय, त्यालाच विचारा.