बीजभाषणाच्या स्लाइड्सवरून अहवाल लिहिताना

स्लाइड्सच्या क्रमाने अहवाल लिहू नका. परिषदेतल्या बीजभाषणाची रचना सभागृहाला गुंतवून ठेवण्यासाठी असते, म्हणून मुख्य दावा बहुधा उशिरा येतो. तुमच्या साहेबांना तो पहिल्याच परिच्छेदात हवा असतो.

सगळ्यात जास्त वेळ आकड्यांच्या स्लाइडला द्या. समजा, एका नव्या संगणक प्रणालीबद्दल तिथे एवढंच आहे: 'प्रतिसादाचा वेळ ४० टक्के कमी'. हे तसंच उतरवलं, तर वाचणाऱ्याला तो तुम्ही पडताळलेला निष्कर्ष वाटेल. ४० टक्के कशाच्या तुलनेत? सरासरी वेळ, की सर्वात संथ विनंत्यांचा? याचं उत्तर तळटीपेत सापडतं, नाहीतर वक्त्याच्या बोलण्यात. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, तेही बघा. होत नसेल तर किरकोळ फरकही डोंगराएवढा दिसतो.

मग अहवालात असं लिहा: "वक्त्यांच्या मते, त्यांच्या जुन्या प्रणालीच्या तुलनेत सरासरी प्रतिसादवेळ ४० टक्क्यांनी घटला. चाचणीतला भार सांगितला नाही. आपल्या तक्रारी सर्वात संथ विनंत्यांबद्दल आहेत, म्हणून आधी छोटी चाचणी घ्यावी." यात दावा, त्याची मर्यादा आणि तुमचं मत वेगवेगळं दिसतं. माझ्या मते अहवालाचं खरं मोल इथेच आहे.

स्लाइड्स नंतर मिळतात, पण तोंडी सांगितलेल्या अटी त्यांत नसतात. त्या त्याच संध्याकाळी स्लाइड क्रमांकासह टिपून ठेवा. ग्राहकांच्या लोगोंची स्लाइड बिनधास्त गाळा. मात्र वक्ता तेच उत्पादन विकणाऱ्या कंपनीचा असेल, तर ते एका वाक्यात नोंदवाच.